ग्राहकांचे व्हॉइस मेसेज मजकुरात उतरवताना या चुका टाळा

ठिबकचं साहित्य विकणाऱ्या आमच्या दुकानात एका शेतकऱ्याचे दीड मिनिटात तीन व्हॉइस मेसेज आले. पहिला: "दादा, राम राम. परवा नेलेल्या लॅटरलबद्दल बोलायचं होतं." दुसरा: "पैसे मी रोख दिलेत, बिलाचं काही नाही, पण बंडल मधेमधे गळतंय." तिसरा: "आणि अजून दोन लागतील, सव्वा फुटी." मेसेजचा मजकूर करून तो योग्य टेबलावर पाठवायला आम्ही बसवलेल्या व्यवस्थेनं पहिला 'इतर'मध्ये टाकला आणि दुसरा हिशेबाच्या टेबलावर पाठवला. तिसरा नुसता पडून राहिला, कारण दोन काय, ते त्यात नव्हतंच. गळतीची तक्रार सर्व्हिसच्या माणसापर्यंत पोचलीच नाही.

इथे पहिली चूक होती प्रत्येक मेसेज सुटा धरण्याची. माणूस बटण सोडतो, श्वास घेतो, पुन्हा दाबतो. त्याच्या दृष्टीनं ते एकच बोलणं असतं. आता आम्ही एका नंबरवरून शेवटचा मेसेज आल्यावर दोन मिनिटं थांबतो, तोवरचे सगळे मेसेज क्रमानं जोडतो आणि मगच विषय ठरवतो.

दुसरी चूक जास्त खोल आहे: शब्द पाहून विषय ठरवणं. 'पैसे' आणि 'बिल' दिसलं की हिशेब, असा नियम आम्ही लावला होता. पण "बिलाचं काही नाही" म्हणणारा माणूस नेमकं हिशेबाचं काम नाही असंच सांगत असतो. म्हणून वर्गीकरण माणूस करो की मॉडेल, प्रश्न एकच विचारावा: हे ऐकून दुकानातल्या कोणी उठून काय करायचं आहे? वरच्या बोलण्यात कामं दोन आहेत, गळतं बंडल पाहणं आणि नवी ऑर्डर घेणं. मग चिठ्ठ्याही दोन निघाल्या पाहिजेत, आणि दोन्हीवर पूर्ण बोलणं हवं. कुठेच न बसणारं बोलणं ओढूनताणून कुठेतरी ढकलू नका. त्यासाठी 'ऐकून ठरवा' अशी वेगळी रांग ठेवा आणि ती रोज रिकामी करा. नियम कुठे चुकतोय ते ओळखायची सोपी खूण म्हणजे एका टेबलानं दुसऱ्याकडे परत पाठवलेल्या चिठ्ठ्या. त्या आठवड्यातून एकदा मोजा.

मजकूरच चुकीचा उतरला तर पुढचं सगळं वाया जातं. आम्ही व्हिस्पर हे खुलं मॉडेल `faster-whisper` मधून वापरतो. भाषा त्याच्यावर सोडली तर छोट्या मेसेजमध्ये ते मराठीला हिंदी समजू शकतं, म्हणून ती सांगून टाकावी. हिंदीत बोलणाऱ्या ग्राहकांच्या नंबरसमोर मात्र `hi` नोंदवून ठेवा.

```python
segments, info = model.transcribe(
    "note.ogg", language="mr",
    vad_filter=True,
    condition_on_previous_text=False,
    initial_prompt="लॅटरल, ड्रिपर, व्हेंचुरी, स्टार्टर")
```

`initial_prompt` मध्ये धंद्यातले शब्द द्यायचे, म्हणजे 'व्हेंचुरी'चं भलतंच काही होण्याची शक्यता कमी होते. पण तिथे अख्खी किंमतयादी चिकटवू नका. मॉडेल मजकुराचे टोकन म्हणजे छोटे तुकडे करतं आणि त्यातले शेवटचे साधारण २२४च पाहतं, आणि देवनागरीतला एकेक शब्द बरेच टोकन खातो. पंधरा-वीस शब्दांपुढे गेलात तर सुरुवातीचे गळून जातात.

शेतातल्या मेसेजमध्ये वारा असतो, पंपाचा आवाज असतो, कधी चुकून दाबलं गेलेलं बटण असतं. अशा रिकाम्या जागेत व्हिस्पर न बोललेली वाक्यं लिहितं, किंवा एकच वाक्य पुन्हा पुन्हा. `vad_filter` आधी बोलणं नसलेला भाग कापतो, त्यामुळे हे बरंच आटोक्यात येतं, थांबत मात्र नाही. ६ सेकंदांच्या मेसेजमधून ४० शब्द निघाले, तर तेवढ्या वेगानं कोणी बोलत नाही. ती चिठ्ठी थेट 'ऐकून ठरवा'मध्ये जाऊ द्या.

ध्वनिफाइल नंतर डाउनलोड करू म्हणून ठेवू नका. व्हॉट्सॲपच्या क्लाउड एपीआयमधून मिळालेली फाइलची लिंक ५ मिनिटांत मरते. आधी फाइल डाउनलोड करून जपा, मग तिचा मजकूर करा. मेसेज आल्याची एकच सूचना दोनदाही येऊ शकते, म्हणून मेसेजचा आयडी तपासा, नाहीतर एका तक्रारीसाठी दोन माणसं शेतावर जातील.

आणि आकडे. मराठी माणूस सव्वा, दीड, पावणेदोन, अडीचशे असं बोलतो, आणि मजकुरात नेमकं तिथेच काहीही होऊ शकतं. 'सव्वा फुटी'चं 'सहा फुटी' झालं, तर ड्रिपरमधलं अंतरच बदलतं आणि कापून दिलेली लॅटरल परत घेता येत नाही. म्हणून ऑर्डरच्या टेबलावर मजकुराशेजारी मूळ आवाज ऐकायचं बटण हवंच, आणि माल काढण्याआधी ग्राहकाला लिहून विचारायचं: "२ बंडल, ड्रिपर सव्वा फुटावर, बरोबर ना?" हा मेसेज त्याच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तासांच्या आत गेला पाहिजे. त्यानंतर क्लाउड एपीआयवरून फक्त आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच पाठवता येतो.