घरच्या दुकानातील अनुभव निबंधात लिहिताना या चुका टाळा

प्रवेशासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी लिहिलेले निबंध मी बरीच वर्षे तपासत आलो आहे. घरच्या दुकानात मदत केल्याचा विषय असला की त्यात एक वाक्य हमखास सापडते : ‘या अनुभवातून मी प्रामाणिकपणा, संयम आणि जबाबदारी शिकलो.’ अनुभव साधा आहे, ही अडचण कधीच नसते. अडचण अशी की, दुकानात एक दिवसही न बसलेल्या मुलाला हे वाक्य जसेच्या तसे लिहिता येते, आणि म्हणून ते लिहिणाऱ्याविषयी काहीही सिद्ध करत नाही.

या चुकीचे मूळ बहुतेक वेळा क्रियापदात असते. ‘मी शाळेतून आल्यावर गल्ल्यावर बसायचो, माल लावायचो, हिशेब लिहायचो’ असा सारा मजकूर रीतिभूतकाळात चालतो. त्यातून दिनक्रम कळतो, स्वभाव कळत नाही. कारण स्वभाव दिसतो तो हा दिनक्रम एखाद्या दिवशी अडतो आणि काय करायचे हे स्वतःलाच ठरवावे लागते तेव्हा.

हे मला एका फसलेल्या निबंधाने शिकवले. एका विद्यार्थ्याचा असाच ‘बसायचो-लिहायचो’ छापाचा मसुदा माझ्याकडे आला. मुदत जवळ आली होती, त्यामुळे मी शुद्धलेखन सुधारले, दोन परिच्छेदांची अदलाबदल केली आणि तो पाठवू दिला. निवड झाली नाही. पुढे सहज बोलताना त्याने सांगितले की, उधारीच्या वहीत त्याने एकदा एकाच खरेदीची रक्कम दोनदा लिहिली होती, आणि गिऱ्हाइकाने ती न तपासता चुकती केली होती. चूक लक्षात आली तेव्हा वडील दुकानात नव्हते. त्याने गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जादा पैसे परत केले, संध्याकाळी वडिलांना स्वतःहून सांगितले, बोलणी खाल्ली, आणि तेव्हापासून प्रत्येक नोंद गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवू लागला. ‘हे निबंधात का नाही लिहिलेस?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘त्यात माझीच चूक होती ना!’ मी मात्र त्याला आधी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि ती चूक माझी.

त्या प्रसंगात पुरावा म्हणून चालणारे तपशील पाहा. पाहणारे कोणी नव्हते, गप्प राहणे सोयीचे होते, खरे बोलण्याची किंमत मोजावी लागली, आणि नंतर वागण्याची एक सवय बदलली. शेवटचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एकच प्रसंग योगायोगही असू शकतो, पण पुढे टिकलेली सवय ही त्याच गोष्टीची दुसरी साक्ष ठरते. तो निबंध आज हाती आला, तर मी त्याची सुरुवात अशी करायला सांगेन : ‘वहीत एकच रक्कम दोनदा लिहिलेली होती, आणि दोन्ही ठिकाणचे अक्षर माझे होते.’ इथे ‘प्रामाणिक’ हा शब्द लिहिण्याची गरजच उरत नाही. मात्र यावरून ‘मी नेतृत्व शिकलो’ असा दावा करू नये. एवढ्याशा प्रसंगाला तो पेलत नाही.

दुसरी चूक कर्ता हरवण्याची. ‘आम्ही हिशेब चोख ठेवत असू’ किंवा ‘गिऱ्हाइकांना आदराने वागवले जाई’ अशा वाक्यांत काम नेमके कोणी केले, हे कळत नाही. आणि निबंध वडिलांच्या कष्टांवर रेंगाळला, की निवड त्यांचीच करावी असे वाटू लागते. मी प्रत्येक वाक्यातील कर्त्याखाली पेन्सिलीने रेघ मारतो. निम्म्या रेघा तरी ‘मी’खाली आल्या नाहीत, तर मसुदा परत देतो.

साध्या कामाला भारदस्त नावे देऊ नयेत. फळीवर माल लावणे म्हणजे ‘साठा व्यवस्थापन’ नव्हे. गिऱ्हाइकांची टिंगल करू नये. घडले नाही ते रचू नये, कारण मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

एखादा नमुना निबंध मागून त्यात आपले दुकान बसवणाऱ्या उतावळ्यांना मी नमुना देत नाही. कोरा कागद देतो आणि दुकानात काय करावे हे कळेनासे झाले होते असे दहा प्रसंग, प्रत्येकी दोन ओळींत, लिहून आणायला सांगतो. पहिले तीन-चार प्रसंग बहुधा ऐकीव छापाचे असतात. सातव्या-आठव्या प्रसंगाशी हात अडखळतो, आणि मी तिथूनच प्रश्न विचारायला सुरुवात करतो.