बुडीत धरलेली उधारी परत आली? नोंद करताना या चुका टाळा

देवगड, मालवण, वेंगुर्ल्याच्या बंदरांवर बोटवाल्यांना माल देणाऱ्या दुकानांची उधारी हंगामावर चालते. जून-जुलैत मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेनंतर बोटी पाण्यात, आणि मासळी चांगली लागली तर वसुली. एखाद्याचे दोन हंगाम वाया गेले की दुकानदार हात टेकतो आणि ती रक्कम बॅड डेटमध्ये टाकतो. पुढे कधीतरी तोच माणूस गणपतीच्या तोंडावर पैसे घेऊन उभा राहतो. पैसे घ्यायला कोणी चुकत नाही, चुकते ती नोंद. आणि ही चूक टॅलीत लाल होऊन दिसत नाही, कारण जमा-नावे बरोबर जुळलेलं असतं.

एकच उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. दुकान इंजिन ऑइल आणि मासळीच्या क्रेटचं. जानेवारी २०२१ मध्ये एका नाखव्याला उधारीवर माल दिला: मालाची किंमत १,००,००० रुपये, जीएसटी १८,०००, एकूण बिल १,१८,०००. मे २०२१ च्या तौक्ते वादळात त्याची बोट फुटली आणि तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. दुकानदाराने ३१ मार्च २०२२ ला बॅड डेट्स खातं नावे आणि नाखव्याचं खातं जमा करून १,१८,००० सोडून दिले. नाखव्याचं खातं शून्यावर आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये तो ६०,००० रुपये बँकेत भरून दुकानात आला. म्हणाला, "शेटानू, तुमचे जुने पैशे भरलंय. रवलेले फुडल्या वर्सा देतंय."

आता हे ६०,००० कुठे जमा करायचे?

दहातल्या बहुतेक दुकानांत हात आपोआप नाखव्याच्या खात्याकडे जातो. पैसे त्याने दिले, मग त्याच्याच नावावर जमा. ऐकायला बरोबर वाटतं, पण त्याच्या खात्यात आता येणं शिल्लकच नाही. शून्यात ६०,००० जमा केले की खातं जमा शिल्लक दाखवतं, म्हणजे दुकानच नाखव्याचं ६०,००० देणं लागतं असा त्याचा अर्थ होतो. टॅलीत बिलवार हिशेब चालू असेल तर इशारा तिथेच मिळतो. पावती करताना `Agst Ref` निवडलं की जुनं बिल यादीत दिसतच नाही, कारण ते २०२२ मध्येच मिटलं. मग हिशेब लिहिणारा मुलगा वैतागून `Advance` किंवा `On Account` दाबतो आणि पुढे जातो. बिल सापडत नाही तेव्हा थांबायचं असतं.

खरी हानी पुढच्या हंगामात होते. नाखवा पुन्हा बोट घेतो, ६०,००० चं ऑइल उचलतो, आणि कोणीतरी ते नवं बिल त्या जुन्या जमा रकमेशी जुळवून टाकतं. नवी खरी उधारी कागदावर मिटली, जुन्या वसुलीचं उत्पन्न कुठेच आलं नाही, आणि नाखव्याकडे मागायला गेलात तर खात्यात येणं शून्य. मार्चअखेर `Sundry Debtors` गट उघडून ज्यांची शिल्लक जमा बाजूला आहे ती नावं वेगळी काढा. प्रत्येकाला विचारायचा प्रश्न एकच: याने खरोखर आगाऊ पैसे दिलेत, की हे जुन्या बुडीत उधारीचे आहेत?

बरोबर नोंद लहान आहे. `Indirect Incomes` गटाखाली `Bad Debts Recovered` नावाचं खातं उघडायचं, त्याला जीएसटी लागू ठेवायचा नाही, आणि `F6` पावतीत हे टाकायचं:

```
बँक खाते            नावे  ६०,०००
  Bad Debts Recovered  जमा  ६०,०००
```

नोंदीखालच्या तपशिलात नाखव्याचं नाव, जुन्या बिलाचा नंबर आणि कोणत्या वर्षी सोडून दिलं ते लिहा. चूक आधीच झाली असेल आणि वर्षाचे हिशेब अजून उघडे असतील तर पावती बदलू नका. `F7` जर्नलमध्ये नाखव्याचं खातं नावे आणि `Bad Debts Recovered` जमा करा, की त्याची खोटी जमा शिल्लक निघून जाते.

काही दुकानदारांना वाटतं की माणूस प्रामाणिक निघाला, मग त्याच्या खात्यावर ते दिसायला हवं. पुन्हा उधारी द्यायची की नाही हे त्यावरूनच ठरतं. रास्त आहे. त्यासाठी दोन नोंदी करा: आधी नाखव्याचं खातं नावे, `Bad Debts Recovered` जमा; मग बँक नावे, नाखव्याचं खातं जमा. खातं शून्यावरच राहतं आणि इतिहासही दिसतो. फक्त आलेल्या ६०,००० पुरतंच खातं उघडा. उरलेल्या ५८,००० चा शब्द दिलाय म्हणून पूर्ण १,१८,००० पुन्हा येणं दाखवू नका. तो अजून शब्दच आहे.

दुसरी चूक जास्त हुशार माणसं करतात. ती म्हणतात, उधारी बुडलीच नव्हती, मग २०२२ ची नोंद चुकीची होती, ती काढून टाकू. टॅलीत जुन्या वर्षात जाऊन व्हाउचर पुसणं सोपं आहे, आणि सोपं आहे म्हणूनच घात होतो. ते व्हाउचर पुसलं की २०२१-२२ चा नफा १,१८,००० ने वाढतो, पुढच्या दोन्ही वर्षांची सुरुवातीची शिल्लक हलते, आणि भरलेलं रिटर्न, सही झालेला ताळेबंद व संगणकातले आकडे तीन दिशांना जातात. मुळात २०२२ ची नोंद चुकीची नव्हतीच. त्या दिवशी बोट फुटलेली होती आणि माणूस मजुरीवर होता. तेव्हाच्या माहितीवर ती बरोबरच होती. नंतर परिस्थिती बदलली तर तिचा परिणाम ज्या वर्षी पैसे आले त्या वर्षी दाखवायचा. असं काही झालंय का ते ओळखायला चालू वर्षाची सुरुवातीची भांडवल शिल्लक सही झालेल्या ताळेबंदाशी ताडून पाहा. फरक नेमका एखाद्या जुन्या उधारीएवढा आला तर चोर सापडला. धंदा कंपनीच्या नावावर असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं, त्यामुळे पुसलेलं लपतही नाही.

तिसरा प्रकार सौम्य. ६०,००० चालू वर्षाच्या बॅड डेट्स खात्यातच जमा करतात. समजा यंदा दुसऱ्या एकाचे १४,००० बुडाले. मग खर्चाचं खातं ४६,००० जमा दाखवतं. नफ्याचा आकडा दोन्हीकडे तोच येतो, म्हणून कोणी लक्ष देत नाही. पण यंदा किती बुडालं आणि जुनं किती परत आलं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आयकरात त्यांची उत्तरंही वेगळी लागतात. टॅक्स ऑडिट असेल तर फॉर्म ३सीडीच्या कलम २५ मध्ये वसुलीचा करपात्र भाग हिशेबासह दाखवावा लागतो. एकात एक मिसळलेल्या आकड्यातून तो काढायचा म्हणजे वर्षभराची व्हाउचरं उपसणं आलं.

विक्री खात्यात जमा करणं मात्र महागात पडतं. विक्री म्हटली की कोणीतरी त्यावर जीएसटी भरतं, किंवा भरला नाही म्हणून हिशेबातली विक्री आणि जीएसटीआर-३बी यांत फरक पडून नोटिशीला उत्तर देत बसावं लागतं. जीएसटी जानेवारी २०२१ च्या बिलावरच भरून झालाय. उधारी बुडाली म्हणून सरकारने तो परत दिला नव्हता, कारण आपल्या कायद्यात बुडीत उधारीसाठी क्रेडिट नोटची सोय नाही. म्हणून पैसे परत आले तरी तो पुन्हा भरायचा नाही. एक अपवाद लक्षात ठेवा: उशिराबद्दल व्याज घेतलं तर ते मूळ मालाच्या किमतीचा भाग धरलं जातं आणि ज्या दिवशी व्याज हातात येतं त्या दिवशी त्यावर जीएसटी लागतो. नाखव्याने पुढे बिलापेक्षा ५,९०० जास्त देऊन ते व्याज म्हणून मान्य केलं, तर ५,००० व्याज आणि ९०० जीएसटी, असं वेगळं दाखवायचं.

छोट्या दुकानांत आणखी एक गोष्ट सर्रास होते. पैसे दुकानाच्या बँकेत न येता मालकाच्या मुलाच्या फोनवर यूपीआयने येतात आणि घरखर्चात जातात. उधारी वहीत नव्हतीच, त्यामुळे नोंद नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. अशा वेळी मालकाचं उचल खातं नावे आणि `Bad Debts Recovered` जमा करा. नाहीतर ती रक्कम घरच्या खात्यात उत्पन्नाशिवाय आलेली दिसते, आणि उद्या विचारणा झाली तर "जुनी उधारी होती" या वाक्याला कागद राहत नाही.

आता आयकर. इथे दोन टोकांच्या चुका होतात: कोणी पूर्ण वसुली करमुक्त समजतो, कोणी पूर्ण करपात्र. आयकर कायदा १९६१ च्या कलम ४१(४) चा नियम असा की जुन्या वर्षी जेवढी वजावट प्रत्यक्ष मिळाली होती तेवढ्यापुरतीच वसुली करपात्र, आणि तीही पैसे आले त्या वर्षी, दुकान तोवर बंद झालं असलं तरी. म्हणून आधी २०२१-२२ ची कम्प्यूटेशन काढा. आपल्या दुकानात सीएने फक्त १,००,००० ची वजावट मागितली होती, कारण जीएसटीचे १८,००० कधी विक्रीच्या उत्पन्नात आलेच नव्हते. (काही सीए ती रक्कम धंद्यातला तोटा म्हणून मागतात. तसं झालं असेल तर पुढचं गणित बदलेल.)

एकूण उधारी १,१८,०००, मिळालेली वजावट १,००,०००, फरक १८,०००. वसुली या फरकापेक्षा जेवढी जास्त तेवढी करपात्र. म्हणजे ६०,००० मधून १८,००० वजा जाता २०२३-२४ मध्ये ४२,००० करपात्र. नफा-तोटा पत्रकात पूर्ण ६०,००० राहतील. १८,००० फक्त कम्प्यूटेशनमध्ये वजा होतील.

पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्ये, नाखव्याने शब्द पाळून उरलेले ५८,००० दिले तर पुन्हा १८,००० वजा करायचे नाहीत. तो फरक पहिल्या हप्त्यातच संपला, त्यामुळे पूर्ण ५८,००० करपात्र. ४२,००० आणि ५८,००० मिळून १,००,०००, म्हणजे बरोबर जेवढी वजावट घेतली होती तेवढेच. बेरीज त्याहून जास्त आली तर दोनदा कर भरला, कमी आली तर एखादा हप्ता नोंदायचा राहिला. १ एप्रिल २०२६ पासूनच्या वर्षांना आयकर कायदा २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे नंतरच्या वसुलीच्या टिपणीत जुना नंबर तसाच उतरवू नका.