भाड्याचा फ्लॅट सोडताना लाईट बिलाच्या या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे शेवटचं बिल भरलं की हिशोब संपला असं समजणं. मागच्या वर्षी पुण्यातला फ्लॅट सोडताना मी हेच केलं, घरमालक काकांना पावती दाखवली, डिपॉझिट घेतलं, आणि पुढच्या महिन्यात त्यांचा फोन, "अरे बिल एवढं कसं आलं?"

झालं असं की मीटर रूमला कुलूप असल्यामुळे दोन महिने रीडिंगच झालं नव्हतं. बिल ॲव्हरेजने आलेलं, दर महिन्याला 90 युनिट. महावितरणच्या बिलावर हे लगेच कळतं, मागील आणि चालू रीडिंग सेम दिसतं किंवा आकड्याऐवजी तसा शेरा असतो आणि मीटरचा फोटोही नसतो. मी फक्त रक्कम बघून भरत होतो. शेवटचं खरं रीडिंग 8100, सोडताना मीटरवर 8412, म्हणजे वापरले 312 आणि बिलात लागले 180, मधले 132 युनिट राहिलेच ना! खरं रीडिंग गेलं की आधीचं ॲव्हरेज वजा होऊन उरलेलं सगळं पुढच्या बिलात येतं, आणि ते आलं काकांच्या गळ्यात. मी पैसे पाठवले पण वाईट वाटलं, कारण ते खरंच चांगले आहेत.

म्हणून बिलावरच्या रीडिंगवरून नाही, चावी देताना मालकासोबत मीटरसमोर उभं राहून हिशोब करा. डिस्प्लेवर आकडे आळीपाळीने बदलतात, त्यातला ज्याच्या बाजूला kWh लिहिलंय तोच घ्यायचा, kVAh किंवा kW नाही. पॉईंटनंतरचा आकडा सोडून द्या, 8412.6 ला घाईत 84126 वाचणारे पण बघितलेत. फोटोत मीटर नंबरही आला पाहिजे आणि तो बिलावरच्या नंबरशी जुळतोय का बघा.

मीटर आपलाच आहे का हेही तपासा, जुन्या बिल्डिंगमध्ये शेजारच्या फ्लॅटशी अदलाबदल झालेली असते. घरातला मेन स्विच बंद करा, मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला तर मीटर तुमचा. नाही थांबला तर आधी तो गुंता सोडवा, मग पैशाचं बोला.

आता दर. शेवटच्या खऱ्या रीडिंगच्या बिलात फक्त त्या महिन्याची रक्कम घ्या, जुनी थकबाकी काढून, आणि युनिटने भागा. माझं 90 युनिटला 810 होतं म्हणजे 9 रुपये, 132 चे 1188. हा अंदाजच आहे हां, 100 युनिटच्या पुढे दर चढतो, त्यामुळे पुढचं बिल येईपर्यंत डिपॉझिटमधले 500 रुपये मालकाकडे राहू द्या आणि फरक बिल बघून मिटवायचा हे व्हॉट्सॲपवर रीडिंगच्या फोटोखालीच लिहून ठेवा.