जर्मनीत भारतीय लायसन्स बदलून घेताना या चुका टाळा

नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून जर्मनीत बदली होऊन जाणाऱ्या अभियंत्यांचा लायसन्सविषयी एक ठाम समज असतो, तो म्हणजे पेठ रोडच्या आरटीओतून वर्षभराचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला की पहिले वर्ष निभावले. हा समज महागात पडतो. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय लायसन्सवर केवळ 6 महिने गाडी चालवता येते आणि आंतरराष्ट्रीय परवान्यावर वर्षाची मुदत छापलेली असली तरी ही मर्यादा त्यामुळे वाढत नाही. एकूण मुक्काम 12 महिन्यांहून अधिक नसेल, तरच ती वाढवून मागता येते.

समजा, एखादा अभियंता 10 जानेवारीला तेथे राहायला गेला. 10 जुलैच्या सुमारास त्याचा गाडी चालवण्याचा हक्क संपतो आणि त्यानंतर तो गाडी चालवताना सापडला, तर ते विनापरवाना वाहन चालवणे ठरते. हा तेथे दंडावर भागणारा किरकोळ नियमभंग नसून फौजदारी गुन्हा आहे. मात्र मुदत उलटली म्हणजे लायसन्स बदलून मिळण्याची वाट बंद झाली, असेही नाही. अर्ज नंतरही करता येतो, फक्त तोवर गाडी घरी ठेवावी लागते. अर्जाच्या मंजुरीलाच कित्येक आठवडे जातात आणि त्यानंतर परीक्षेची तारीख मिळायची असते, म्हणून या अभियंत्याने जूनची वाट न पाहता फेब्रुवारीतच अर्ज द्यावा, हे उत्तम.

दुसरी चूक नाशिकमध्येच होते आणि ती नाशिकमध्येच दुरुस्त होऊ शकते. आपल्या लायसन्सवर अनेकदा आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते, तर पासपोर्टवर वडिलांचे नाव कधी असते, कधी गाळलेले असते. लग्नानंतर पासपोर्टवरचे नाव बदलले, पण लायसन्सवर माहेरचेच राहिले, असेही घडते. भाषांतरकार कार्डावर जे आहे तेच उतरवतो, त्यामुळे ही तफावत जर्मन कार्यालयाच्या टेबलावर जशीच्या तशी पोहोचते. निघण्यापूर्वी ‘सारथी’ पोर्टलवर नावाची दुरुस्ती करून घ्यावी, मुदत संपत आली असल्यास नूतनीकरण करावे आणि मूळ कार्ड सोबत न्यावे. मोबाइलमधील डिजिलॉकरची प्रत तेथे मूळ कार्डाची जागा घेत नाही.

भाषांतर मात्र घाईने नाशिकमध्ये करून नेऊ नये. येथे भाषांतर करून त्यावर नोटरीचा शिक्का मारून आणला, तरी ते बहुधा नाकारले जाते. जर्मनीतील शपथबद्ध भाषांतरकाराचे किंवा एडीएसी या वाहनचालक संघटनेचे भाषांतर साधारणपणे चालते. तरी आपल्या शहराचे लायसन्स कार्यालय कोणाचे स्वीकारते, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

डोळ्यांच्या तपासणीचेही तसेच आहे. येथील डॉक्टरांचे प्रमाणपत्र कितीही व्यवस्थित असले तरी तेथे मान्यताप्राप्त केंद्राचेच लागते आणि ही तपासणी बहुतेक चष्म्याच्या दुकानांत काही मिनिटांत होते. कारच्या लायसन्ससाठी प्रत्येक डोळ्याची दृष्टी चष्म्यासह किंवा चष्म्याविना किमान 0.7 असावी लागते. ती कमी भरल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जावे लागते. चष्म्यासह उत्तीर्ण झाल्यास लायसन्सवर 01 हा संकेतांक येतो आणि मग चष्म्याविना गाडी चालवता येत नाही. याशिवाय प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्गही करावा लागतो, हे अनेकांना अर्ज देतानाच कळते.

सर्वांत मोठा गैरसमज परीक्षेविषयी आहे. काही देशांची लायसन्स तेथे परीक्षेविना बदलून मिळतात, पण भारत त्या यादीत नाही. भारतीयांना सक्तीच्या शिकवणीतून सूट आहे, परीक्षेतून नाही. लेखी परीक्षेत 30 प्रश्न असतात आणि चुकांचे 10 पेक्षा अधिक गुण झाले की उमेदवार नापास होतो. ती इंग्रजीतून देता येते, हिंदी-मराठीतून नाही. प्रत्यक्ष चाचणी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिक्षक शेजारी बसवूनच द्यावी लागते, म्हणून ‘शिकवणी सक्तीची नाही, तर स्कूल कशाला’ हा हिशेब चुकतो. परीक्षकाच्या सूचना जर्मनमध्ये असतात, तेव्हा दिशादर्शक शब्द तरी पाठ हवेत.

वर्षानुवर्षे द्वारका चौकातून गाडी काढणारा माणूसही या चाचणीत नापास होतो. फलक किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचे असते, मग आपला रस्ता रुंद का असेना. वळताना किंवा लेन बदलताना आरसा पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यामागे पाहावे लागते. तेवढ्यासाठी तरी चार-सहा तास शिक्षकासोबत चालवून पाहावे.

ऑटोमॅटिक गाडीवर चाचणी दिल्यास लायसन्सवर 78 हा संकेतांक येतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. हे बंधन नको असेल, तर स्कूलमध्ये गिअरच्या गाडीवर 45 मिनिटांचे किमान 10 तास करून तेथेच 15 मिनिटांची छोटी चाचणी द्यावी. मग मुख्य परीक्षा ऑटोमॅटिकवर देऊनही दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात.