‘डू मिस्टेक’ची सवय मोडायची कशी?

जर्मन मुलगा इंग्रजी शिकताना ‘मेक अ मिस्टेक’ बरोबर म्हणतो आणि ‘मेक होमवर्क’ म्हणून फसतो. मराठी मुलाचं उलट. ‘डू होमवर्क’ त्याला आपोआप येतं, पण चूकही तो ‘डू’ करतो. कारण दोघांचं एकच. जर्मनमध्ये चूक आणि गृहपाठ दोन्हींना ‘माखेन’ चालतं, मराठीत दोन्हींना ‘करणे’. जर्मन मुलगा ते ‘मेक’ला जोडतो, आपण ‘डू’ला.

म्हणजे हा व्याकरणाचा प्रश्न नाही. कोणत्या नामाशी कोणतं क्रियापद नांदतं, एवढंच. मराठीतही पैज लागते, शपथ घेतली जाते, मार खाल्ला जातो. ‘का’ विचारलं तर आपल्यालाही सांगता येणार नाही.

सुरुवात स्वतःच्या लिखाणापासून करा. जुना एखादा ईमेल काढा आणि ज्या वाक्यांमागे मनात ‘करणे’, ‘देणे’ किंवा ‘घेणे’ होतं, त्यांखाली रेघ ओढा. समजा ईमेलचा अर्थ असा आहे: ‘मी मे महिन्यात परीक्षा दिली, दुसऱ्या पेपरात काही चुका केल्या, आता पुढचा निर्णय घ्यायचा आहे.’ आपला माणूस लिहितो: ‘आय गेव्ह माय एक्झाम, आय डिड सम मिस्टेक्स, आय हॅव टू टेक अ डिसिजन.’

आता शब्दकोश उघडा, पण क्रियापद शोधू नका, नाम शोधा. ‘डू’ किंवा ‘मेक’ खाली शेकडो नोंदी असतात, त्यात हरवायला होतं. ‘मिस्टेक’ पाहिलं की उत्तर तिथेच असतं. लाँगमनच्या मोफत ऑनलाइन कोशात अनेक नामांखाली अशा जोड्यांची चौकट असते. ऑक्सफर्डचा जोड्यांचा वेगळा कोश आहे, त्याची पहिली आवृत्ती 2002 ची.

आपल्या ईमेलमधली ‘मिस्टेक’ ‘मेक’ मागते, म्हणून ‘आय मेड सम मिस्टेक्स’. ‘डिसिजन’ला ब्रिटिश इंग्रजीत ‘टेक’ चालतं, अमेरिकेत ‘मेक’च कानाला बरं वाटतं, तेव्हा तिथे घाबरू नका. खरी गंमत परीक्षेची. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक घेतो. इंग्रजीत विद्यार्थी ‘टेक’ करतो (किंवा ब्रिटनमध्ये ‘सिट’) आणि ‘गिव्ह’ करतो तो शिक्षक. भारतात ‘गेव्ह द एक्झाम’ सर्रास चालतं, सगळ्यांना कळतं. पण परदेशी प्राध्यापकाला तसं लिहिलंत, तर पेपर तुम्हीच काढला असं तो समजू शकतो.

कोशात सापडेना किंवा शंका राहिली, तर गूगल बुक्सचं Ngram Viewer उघडून स्वल्पविराम देऊन दोन्ही जोड्या टाका:

```
make a mistake,do a mistake
```

छापील पुस्तकांत कोणती जोडी किती वापरली गेली, याच्या रेषा दिसतात. इथे ‘मेक’ची रेष वर असते आणि ‘डू’ची जवळजवळ तळाशी चिकटलेली. नुसत्या गूगल शोधाच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका, कारण आपल्यासारख्याच शिकणाऱ्यांचं लिखाणही त्यात येतं.

‘नवं काही तयार झालं तर मेक, नुसतं काम असेल तर डू’ हा नियम क्लासात सांगतात. गृहपाठ, धंदा, संशोधन यांना तो लागू पडतो. पण अंथरूण नीट करणं ‘मेक द बेड’ असतं, आणि तिथे पलंग काही नव्याने तयार होत नाही. उलट हा नियम पाठ केल्यावर काही मुलं ‘मेक अ होमवर्क’ म्हणायला लागतात, जे आधी बरोबर येत होतं तेही बिघडतं. त्यात दुसरी चूकही आहे: ‘होमवर्क’ मोजता येत नाही, म्हणून ‘अ’ लागत नाही. ‘डू माय होमवर्क’ म्हणा.

वहीत जोडी लिहाल तेव्हा सुटी लिहू नका. ‘मेड अ सिली मिस्टेक इन द बिल’ असं स्वतःच्या आयुष्यातलं अख्खं वाक्य लिहा, भूतकाळासकट. आणि त्याखाली तेच वाक्य उलटून लिहा, ही पायरी बहुतेक जण गाळतात. ‘आय मेड अ मिस्टेक’ नीट म्हणणारा माणूसही ‘द मिस्टेक दॅट आय डिड’ म्हणून जातो. नाम पुढे गेलं, क्रियापद मागे राहिलं, मधल्या अंतरात ‘करणे’ परत शिरलं. म्हणून ‘द मिस्टेक आय मेड’, ‘द होमवर्क आय डिड’, ‘द एक्झाम आय टुक’ या उलट्या जोड्या मोठ्याने म्हणा. आठवड्याला पाच नामं पुरेत. आठवड्यानंतर वही झाकून फक्त नाम वाचा. क्रियापद आठवायला थांबावं लागलं, तर ते नाम पुढच्या आठवड्याच्या पाचांत पुन्हा घ्या.