बीपीआर की कायझेन? प्रसंग देऊन विचारलेला प्रश्न कसा सोडवावा

नेट, सेट, बीएमएस किंवा एमबीएच्या पेपरात व्याख्या विचारली तर कोणीच अडत नाही. अडतात ते प्रसंगावरच्या प्रश्नात. कंपनीत काय घडलं ते चार ओळींत सांगितलेलं असतं आणि खाली चार पर्याय असतात, चारही खरे वाटणारे. रत्नागिरी-चिपळूणकडची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांच्या वहीत एकच ओळ लाल शाईने लिहिलेली असते: ‘मोठा बदल म्हणजे बीपीआर, लहान बदल म्हणजे कायझेन.’ ही ओळ आधी खोडा. मार्क जातात ते तिच्यामुळेच.

पहिली पायरी: नावं आणि सालं एकदाच पाठ करा

बीपीआर, म्हणजे बिझनेस प्रोसेस रीइंजिनीअरिंग, कामाची प्रक्रिया मुळापासून नव्याने रचणं: मायकल हॅमर यांचा लेख 1990 चा, जेम्स चॅम्पींबरोबरचं पुस्तक 1993 चं. कायझेन, म्हणजे थोडी थोडी पण सतत सुधारणा: मासाकी इमाई, 1986. शिकणारी संस्था: पीटर सेंगे, 1990. सिंगल लूप आणि डबल लूप: ख्रिस अर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन, 1978. जोड्या लावण्यासाठी एवढं पुरतं.

दुसरी पायरी: पर्याय न बघता प्रसंग वाचा

प्रसंगात कामाची वाट कुठून सुरू होते आणि कोणाकोणाच्या हातून जाते, हे समासात बाण काढून लिहा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिसरी पायरी: कोणता नियम मोडला ते शोधा

खरं काम इथे आहे. मीही सुरुवातीला याच जागी सगळ्यात जास्त वेळ घालवायचो. एक प्रश्न पूर्ण सोडवून दाखवतो.

वेंगुर्ल्याजवळचा एक कारखाना बागायतदारांकडून काजू बी विकत घेतो. भाव आधी ठरतो आणि खरेदी विभाग त्याची मागणीचिठ्ठी बनवतो. माल आला की वखारीतला माणूस वजनपावती देतो. बागायतदार मागाहून बिल पाठवतो. हिशेबनीस चिठ्ठी, पावती आणि बिल असे तिन्ही कागद जुळवतो आणि मगच पैसे सुटतात. याला तीन आठवडे लागतात. पुढीलपैकी बीपीआर कोणतं?

अ) तिन्ही कागद जुळवणारं सॉफ्टवेअर घेतलं, काम तीन आठवड्यांवरून दोन दिवसांवर आलं.
ब) वखारीतली आणि हिशेबातली माणसं दर शनिवारी एकत्र बसून चुका शोधतात, दर महिन्याला थोडा वेळ वाचतो.
क) बिल घेणंच बंद केलं. वखारीतल्या संगणकावर मागणीची नोंद दिसते. आलेला माल तिच्याशी जुळला की तो स्वीकारायचा आणि तिथूनच पैसे सोडायचे.
ड) हिशेब विभागातली चारपैकी दोन माणसं कमी केली.

वर्गात निम्म्याहून जास्त हात ‘अ’ला वर होतात. का, तेही सरळ आहे: संगणक आला आणि तीन आठवड्यांचे दोन दिवस झाले, म्हणजे मोठा बदल. पण समासातले बाण बघा. चिठ्ठी, पावती, बिल, जुळवणी, पैसे ही वाट होती तशीच आहे, फक्त तिच्यावरून चालणारा वेगाने चालायला लागला. हॅमर यांच्या 1990 च्या लेखाचा सगळा रोख याच्याविरुद्ध होता. जुन्या पद्धतीला संगणक जोडू नका, जुनी पद्धतच काढून टाका, असं ते सांगत होते. ‘अ’ हे यांत्रिकीकरण आहे, आणि परीक्षक ते मुद्दाम तिथे ठेवतो.

म्हणून प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारायचे. कोणती पायरी नाहीशी झाली? आणि ती पायरी ज्या नियमामुळे होती, तो नियम राहिला की गेला?

‘क’मध्ये बिल गेलं आणि जुळवणीही गेली. ‘बिल आल्याशिवाय पैसे नाहीत’ हा त्यामागचा नियमही गेला. त्याच्या जागी ‘माल आला की पैसे’ हा नियम आला. शिवाय काम हिशेब विभागातून उठून वखारीत गेलं, म्हणजे विभागांच्या भिंती ओलांडल्या. हेच बीपीआर.

हा प्रसंग मी हॅमर यांनी सांगितलेल्या फोर्डच्या उदाहरणावर बेतला आहे. ते मूळ उदाहरण माहीत असलेलं बरं, कारण प्रश्न फिरून फिरून त्यावरच येतात. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या देणी विभागात 500 हून जास्त माणसं होती. संगणक लावून ती 400 पर्यंत आणायचा बेत होता. मग त्यांनी माझदाकडे पाहिलं. तिथे हेच काम पाच जण करत होते. माझदा लहान कंपनी आहे हे धरूनही फरक फार मोठा होता. तेव्हा फोर्डने आधीचा बेत सोडून बिलच काढून टाकलं आणि माणसांची गरज 75 टक्क्यांनी घटली. तुलना करा: संगणकवाला बेत 20 टक्क्यांचा होता. नियम बदलल्यावर 75 टक्के झाले.

‘ब’ कायझेन आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र इथे एक खाचखळगा आहे. समजा शनिवारच्या बैठकीत लक्षात आलं की पावतीची नोंद दोन वह्यांत होते, आणि त्यांनी एक वही बंद केली. पायरी नाहीशी झाली ना? झाली. तरीही ते कायझेनच, कारण ‘बिल आल्यावर पैसे’ हा नियम जागेवरच आहे. पहिल्या प्रश्नावर थांबलात तर इथे फसाल. निकाल दुसरा प्रश्न देतो.

‘ड’ ही कर्मचारीकपात. बीपीआरनंतर माणसं कमी लागतात हे खरं, पण माणसं कमी करणं म्हणजे बीपीआर नव्हे. उरलेली दोन माणसं तेच तीन कागद जुळवत बसतील.

आता आकड्यांचं काय? बीपीआरच्या व्याख्येत सुधारणा फार मोठी असावी असं म्हटलं आहे. दहा टक्क्यांचीच सुधारणा हवी असेल तर बीपीआर करू नका, हे हॅमर आणि चॅम्पींनीच सांगितलं आहे. तेव्हा प्रसंगात ‘खर्च आठ टक्क्यांनी कमी करायचा आहे’ असं असेल तर बीपीआरचा पर्याय निर्धास्त खोडा. पण उलटं चालत नाही. आकडा मोठा दिसला एवढ्यावर बीपीआर ठरत नाही, हे ‘अ’मध्ये आपण पाहिलंच.

या प्रश्नाला वरच्या पातळीची एक पुस्ती जोडलेली असते: हा बदल केव्हा फसेल? उत्तर प्रसंगातच आहे. भाव आधी ठरलेला आहे, म्हणूनच वखारीतला माणूस पैसे सोडू शकतो. काजू बीचा भाव नमुना कापून, त्यात गर किती निघतो ते पाहून मागाहून ठरत असेल, तर वखारीत जुळवायला काही उरतच नाही. तिथे आधी गराच्या प्रमाणानुसार भावाचं कोष्टक ठरवावं लागेल आणि नमुना वखारीतच कापावा लागेल. ते न करता बिल बंद केलं तर वाद वाढतील आणि महिन्याभरात बिल परत येईल.

चौथी पायरी: शिकणाऱ्या संस्थेचा प्रश्न असेल तर कोण शिकलं ते पाहा

सेंगेंच्या पाच शिस्ती: वैयक्तिक प्रावीण्य, मनातली गृहीतकं, सामायिक दृष्टी, सांघिक शिक्षण आणि प्रणाली-विचार. पाचवी शिस्त म्हणजे प्रणाली-विचार. तुमच्या गाइडमध्ये ती यादीत कितव्याही क्रमांकावर छापलेली असली तरी उत्तर बदलत नाही.

गोंधळ होतो तो गृहीतकं आणि प्रणाली-विचार यांत. त्याच कारखान्यात राहू. ओलं बी येतं म्हणून कारखाना सगळ्यांच्याच वजनात सरसकट कपात करतो. ‘बागायतदार वजन वाढवायला मुद्दाम ओलं बी आणतात’ असं आतल्या सगळ्यांचं मत आहे. हे मत उघडपणे मांडून तपासलं, तर ती गृहीतकांची शिस्त. आता पुढे जा. सरसकट कपातीमुळे बी नीट वाळवणाऱ्यालाही फायदा नाही, म्हणून तोही वाळवणं सोडतो. ओलं बी वाढतं, म्हणून कपात वाढते, म्हणून ओलं बी आणखी वाढतं. हे चक्र जो काढून दाखवतो, तो प्रणाली-विचार करतो. प्रसंगात कारणं फिरून स्वतःवरच आली की उत्तर प्रणाली-विचार.

सिंगल आणि डबल लूपही इथेच बसतं. कपात पाच टक्के की सात टक्के, हे दरवर्षी ठरवणं सिंगल लूप. ‘मुळात सरसकट कपात का? ओलावा मोजून ज्याचा त्याला भाव का देऊ नये?’ हे विचारून धोरण बदलणं डबल लूप.

हे वाचताना कोणालाही वाटेल की डबल लूप आणि बीपीआर एकच, कारण दोन्हीकडे नियमावरच बोट ठेवलं आहे. फरक कोण विचारतं आणि कितीदा विचारतं यात आहे. बीपीआर हा वरून आलेला, ठरावीक मुदतीचा प्रकल्प असतो आणि त्याचा विषय कामाची प्रक्रिया असते. शिकणाऱ्या संस्थेत तो प्रश्न वखारीतल्या माणसालाही विचारता येतो, आणि प्रकल्प संपल्यावरही येतो.

पाचवी पायरी: ‘नाही’ आणि ‘वगळता’ या शब्दांखाली रेघ ओढा. याला स्पष्टीकरण नको.

सहावी पायरी: विधान-कारण प्रश्नात दोन्ही ओळी वेगवेगळ्या तपासा

हा नमुना हल्ली बराच दिसतो. विधान: बीपीआर केलेली संस्था आपोआप शिकणारी संस्था होते. कारण: बीपीआर आणि डबल लूप शिक्षण, दोन्हींत जुन्या गृहीतकांना आव्हान दिलं जातं. घाईत असलेला ‘दोन्ही बरोबर’वर खूण करतो, कारण दुसरी ओळ पटते आणि ती पटली की पहिलीही पटल्यासारखी वाटते. आधी पहिली ओळ झाकून दुसरी तपासा. ती बरोबर आहे. मग दुसरी झाकून पहिली तपासा. वेंगुर्ल्याच्या कारखान्यात मालकाने सल्लागार आणला, बिल बंद केलं आणि सल्लागार निघून गेला. पुढच्या हंगामात ओल्या बीचा घोळ झाला, तेव्हा वखारीतल्या माणसाला कोणी विचारलं नाही आणि त्यानेही तोंड उघडलं नाही. प्रक्रिया नवी झाली, पण संस्थेची शिकण्याची सवय होती तिथेच राहिली. म्हणून विधान चूक, कारण बरोबर.