परदेशी टीमसमोर ओळख करून देताय? नावापाशीच होणाऱ्या या चुका टाळा

समजा, तुमचं नाव ज्ञानेश विठ्ठल मोरे. कॉलवर तुमच्या चौकटीत Dnyanesh Vitthal More असं दिसतंय. तुम्ही बोलायला लागण्याआधीच समोरच्यांनी ते वाचून मनात एक उच्चार ठरवलेला असतो, बहुतेक 'डिन्यानेश मोर'. ओळख फसते ती इथे. इंग्रजी चांगलं असूनही फसते.

नाव भरभर उरकणं

आपलं नाव आपल्या इतकं तोंडात बसलेलं असतं की ते वाक्याच्या ओघात निसटून जातं. त्यात माइक सुरू केल्या केल्या बोललेलं पहिलं अक्षर पुष्कळदा कापलं जातं. म्हणून आधी 'हाय एव्हरीवन' म्हणा, मग नाव सांगा आणि नावानंतर क्षणभर थांबा.

उच्चार समजावताना व्याकरण सांगत बसू नका. मराठीत आपण ज्ञ चा उच्चार 'द्न्य' करतो, म्हणून स्पेलिंग Dny. इंग्रजीत या जोडाक्षराने शब्द सुरू होत नाही, त्यामुळे वाचणारा मध्ये 'इ' घुसवतो. त्याला एवढंच सांगा, की पहिला डी सोडून द्या आणि 'न्या-नेश' म्हणा. 'न्य' हा आवाज त्यांच्या 'कॅनियन' या शब्दात आहेच. अगदी शुद्ध ज्ञ चा आग्रह धरू नये, रोज हाक मारता येईल इतका जवळचा उच्चार पुरतो. मात्र अवघडलेपणापायी 'मला डॅन म्हणा' असं सुचवू नका. एकदा रुळलेलं नाव मागे घेणं फार कठीण जातं.

आडनावाची अडचण वेगळी आहे. मोरे, साने, गोरे, काळे यांच्या स्पेलिंगमध्ये शेवटी e येतो आणि इंग्रजीत तो बहुधा मुका असतो. म्हणून मोरेंचे 'मोर' होतात, सानेंचे 'सेन' आणि काळेंचे 'केल'. शेवटचा 'ए' ठसठशीत उच्चारा. ळ चा ल झाला तर होऊ द्या.

बोलून झाल्यावर चॅटमध्ये एक ओळ टाका, कारण ऐकलेलं विसरतं पण लिहिलेलं पुन्हा पाहता येतं:

```
NYAH-naysh MO-ray
```

इथे nesh न लिहिता naysh लिहिलंय, कारण nesh मधला ए ते आखूड म्हणतात. जोर द्यायचा तो भाग मोठ्या अक्षरांत.

उच्चार पोचला नाही हे ओळखायचं कसं? पुढचा माणूस तुमचं नाव न घेता नुसतं 'थँक्स' म्हणतो किंवा नावापाशी अडखळतो. तेव्हा लगेच, हसून, एकदाच पुन्हा सांगा. महिनाभराने दुरुस्त करणं दोघांनाही जड जातं.

वडिलांचं नाव मध्ये, आडनाव आधी

आपल्याकडच्या कितीतरी कागदपत्रांवर आडनाव आधी असतं. तेच कंपनीच्या नोंदीत गेलं, की मेल येतो: 'हाय मोरे'. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, हेही तिकडे कुणाला ठाऊक नसतं, ते त्याला तुमचंच दुसरं नाव समजतात. झूममध्ये सहभागींच्या यादीत आपल्या नावावर जाऊन Rename निवडा आणि फक्त Dnyanesh More ठेवा. टीम्समध्ये नाव सहसा कंपनीच्या नोंदीतून येतं, तिथे आयटीला विनंती करावी लागते. ती पहिल्या कॉलच्या आधी करा.

पार्श्वभूमीत नको तिथे रमणं

'मायसेल्फ ज्ञानेश' ही सुरुवात त्यांच्या कानाला खटकते, 'आय ॲम ज्ञानेश' म्हणा. 'आय पास्ड आउट इन 2016' याचा अमेरिकन माणसाला लागणारा अर्थ आहे: 2016 मध्ये मी बेशुद्ध पडलो! तिथे 'ग्रॅज्युएटेड' हवं. डिप्लोमा केला असेल तर 'थ्री-इयर इंजिनिअरिंग डिप्लोमा' असं पूर्ण सांगा, कारण अमेरिकेत नुसत्या डिप्लोम्यावरून शाळा संपल्याचा दाखला डोळ्यांपुढे येतो.

टक्केवारी, घरात कोण काय करतं, लग्न झालंय की नाही, हे मुलाखतीच्या सवयीतून येतं. टीमला हवं असतं ते एकच, की कोणत्या कामासाठी तुमच्याकडे यायचं. गावाचं नाव सांगताना जवळचं ओळखीचं शहर जोडा.

सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत बसतं: 'हाय एव्हरीवन, आय ॲम ज्ञानेश. जस्ट स्किप द डी, न्या-नेश. आय ॲम बेस्ड इन नाशिक, अबाउट फोर अवर्स बाय रोड फ्रॉम मुंबई. आय हॅव स्पेंट सिक्स इयर्स टेस्टिंग पेमेंट सिस्टिम्स. हिअर आय विल टेस्ट द रिफंड फ्लो, सो प्लीज सेंड मी एनी रिफंड बग्ज.'